वंशावळीचा फोटो हाती आहे, यादी करायची आहे, पण तीन ठिकाणी नातंच कळत नाही

मृण्मयी_स

नमस्कार मंडळी. आमच्या घरातल्या एका जुन्या हस्तलिखित वंशावळीचा फोटो मिळाला आहे. मूळ कागद चुलत आजोबांकडे असतो. माझ्याकडे आहे तो भावाने मोबाईलवर काढून पाठवलेला फोटो. पाच पिढ्या, साठेक नावं, सगळं देवनागरीत, टाकाने लिहिलेलं. कोपऱ्यात "शके १८८२" असं आहे, म्हणजे तक्ता तेव्हा केला असावा. मला त्यावरून एक्सेलमध्ये यादी करायची आहे. रकाने केलेत: नाव, वडिलांचं नाव, जन्म, मृत्यू.

बरीचशी नावं सुरळीत उतरली. तीन ठिकाणी अडले आहे. (नावं इथे बदलली आहेत.)

१. सगळ्यात वर महादेव. त्याखाली तीन मुलगे: गोविंद, हरी, विठ्ठल. तिसऱ्या ओळीत रामचंद्र हे नाव बरोबर कागदाच्या घडीवर आलंय. गोविंदची आडवी रेघ उजवीकडे घडीपर्यंत येते, हरीची डावीकडे घडीपर्यंत. रामचंद्रची उभी रेघ वर जाऊन त्या झिजलेल्या घडीत नाहीशी होते. तो नक्की कुणाचा?

२. केशव हा हरीच्या खाली सरळ रेघेने जोडलाय, पण विठ्ठलपासूनही त्याच्याकडे एक तुटक रेघ येते. शेजारी एक बारीक अक्षर आहे, "द." किंवा "ह.".

३. सखाराम आणि केशव यांच्या मधल्या जागेत तिरकं, वेगळ्या शाईत "यमुना" लिहिलंय. तिला कुठलीच रेघ नाही.

"वडिलांचं नाव" या रकान्यात मी रामचंद्रपुढे काय लिहू? रिकामं सोडू का?

चिंतोपंत

तुटक रेघ म्हणजे दत्तक. हा ठरलेला संकेत आहे, त्यात शंका घ्यायचं कारण नाही. केशव विठ्ठलला दत्तक गेला, विषय संपला.

यादीसाठी प्रत्येकाला क्रमांक द्या. महादेव १, गोविंद १.१, हरी १.२, विठ्ठल १.३. गोविंदचा पहिला मुलगा १.१.१. क्रमांक बघितला की पिढी आणि बाप दोन्ही कळतात, वडिलांच्या नावाचा रकानाही लागत नाही. आमच्या घराण्याची पूर्ण वंशावळ मी अशीच केली आहे.

सालं शके आहेत हे लक्षात ठेवा. ७८ मिळवा की इसवी सन आला.

अवलिया७

ताई, एक्सेल कशाला? झाड छान काढून देणारी कितीतरी ॲप आहेत. नावं भरली की फोटोसकट तयार झाड. मी आईच्या साठीला फ्रेम करून दिलं होतं.

मृण्मयी_स

@अवलिया७, झाड नंतर काढेनच, पण ॲप पहिल्याच पायरीला "वडील निवडा" म्हणतं. तिथेच तर गाडी अडलीय.

@चिंतोपंत, पद्धत आवडली. पण मग रामचंद्र १.१.२ की १.२.१?

शाईदौत

मृण्मयी, हा प्रश्न तुम्ही अगदी योग्य जागी विचारलात. चिंतोपंतांची पद्धत नातं पक्कं असतं तिथे उत्तम. पण तिथे क्रमांक हेच नातं असतं. रामचंद्रला १.१.२ म्हटलं की "गोविंदचा मुलगा" हे तुम्ही क्रमांकातच कोरून ठेवलं. उद्या तो हरीचा निघाला तर त्याचा क्रमांक बदलतो, त्याच्या मुलांचे, नातवंडांचे बदलतात, सखाराम आणि केशवचेही बदलतात. आणि जुन्या क्रमांकाने केलेल्या टिपणांना अर्थ राहत नाही.

म्हणून व्यक्तीला निरर्थक क्रमांक द्या. P01, P02 असे, कागदावर डावीकडून उजवीकडे, वरून खाली, जशी नावं दिसतील तसे. तो क्रमांक फक्त "कागदावर या ठिकाणी लिहिलेलं नाव" एवढंच सांगतो आणि पुन्हा कधी बदलत नाही. पक्कं झाल्यावर चिंतोपंतांचे क्रमांक शेजारच्या रकान्यात खुशाल द्या.

दुसरं, "वडिलांचं नाव" हा रकाना व्यक्तींच्या यादीतून काढूनच टाका. दोन पानं करा. एकावर माणसं, दुसऱ्यावर नाती. नात्यांच्या पानावर एक ओळ म्हणजे एक दावा: कोण, कोणाचं, कसलं नातं, किती खात्री, कशावरून. मग रामचंद्रसाठी दोन ओळी लिहायला काहीच अडचण नाही. रिकामं सोडू नका. रिकाम्या रकान्याचा अर्थ "कागदावर काहीच नाही" असा होतो, आणि तुमच्या कागदावर तर दोघांपैकी एक असं स्पष्ट दिसतंय. ती माहिती हरवू नये.

पण या सगळ्याआधी फोटो. भावाने फोटो चॅटवर पाठवला का? आणि कागद स्कॅन करायच्या ॲपमधून काढलाय का?

मृण्मयी_स

हो, दोन्ही. स्कॅन ॲपने काढला आणि चॅटवर पाठवला. फोटो स्वच्छ आहे पण, पांढरा कागद, काळी अक्षरं.

शाईदौत

तो स्वच्छपणाच घात करतो. अशी ॲप जुन्या कागदाचा पिवळेपणा घालवताना फिकट रेघाही घालवतात. पेन्सिलची रेघ, फिकी पडलेली शाई, खोडल्याच्या खुणा, सगळं "डाग" म्हणून पांढरं होतं. उलट घडीची सावली गडद असेल तर ती काळी रेघ होऊन बसते. म्हणजे नसलेली रेघ येते आणि असलेली जाते. त्यावर चॅटमध्ये चित्र दाबलं जातं, बारीक अक्षरांच्या कडा विरघळतात. तुमचं "द की ह" तिथूनही आलेलं असू शकतं.

भावाला सांगा, साध्या कॅमेऱ्याने, फ्लॅश बंद करून, रंगीत फोटो काढ. आधी पूर्ण कागदाचा एक, कॅमेरा कागदाला समांतर धरून. मग तुकड्या-तुकड्याने जवळून, एका फोटोतली निदान दोन नावं पुढच्या फोटोत परत दिसतील असे. पाठवताना चित्र म्हणून नको, फाईल म्हणून पाठवायला सांगा.

घडीच्या जागेसाठी वेगळी युक्ती. खोली थोडी अंधारी करून टॉर्च कागदाच्या जवळजवळ पातळीला आडवा धरायचा. एक फोटो उजेड डावीकडून, एक उजवीकडून, कॅमेरा न हलवता. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की घडीची सावली बाजू बदलते, शाई जागची हलत नाही. शाई उडून गेली असली तरी टाकाने कागदावर पडलेला चर अशा आडव्या उजेडात कधीकधी दिसतो. नेहमी दिसेलच असं नाही, घडीवर कागदाचे तंतूच फाटले असतील तर तिथे काही उरलेलं नसतं.

आणि घडी सपाट करायला इस्त्री, पाणी असलं काही करू देऊ नका. कृपया.

स्वरदा

आमच्याकडे याच्या उलट होतं म्हणून विचारते. आमच्या तक्त्यात वडील पक्के, पण त्यांची दोन लग्नं. दोन्ही बायकांची नावं शेजारी शेजारी, आणि खाली पाच मुलांची एकच रेघ. मी सगळ्या मुलांना पहिल्या बायकोपुढे टाकलं, कारण तिचं नाव आधी आहे. बरोबर आहे ना?

शाईदौत

स्वरदाताई, तक्ता तसं म्हणत नाही. रेघ वडिलांच्या नावाखालून निघत असेल तर तक्ता फक्त वडील सांगतोय. पाच ओळी वडिलांच्या, "नक्की". आईसाठी प्रत्येक मुलाच्या दोन ओळी, दोन्ही "शक्य". पहिली पत्नी कधी गेली ते कळलं तर त्यानंतरच्या मुलांपुढची तिची ओळ बाद होईल. म्हणूनच आई आणि वडील ही दोन वेगळी नाती म्हणून लिहायची, "आई-वडील" असा जोड रकाना करायचा नाही.

स्वरदा

पाचांपैकी तिघांचीच सालं आहेत. बघते.

चिंतोपंत

शाईदौत, तुम्ही साधी गोष्ट अवघड करताय. तुटक रेघ असताना केशवला "शक्य" वगैरे कशाला? जगभर तीच पद्धत आहे.

शाईदौत

पंत, छापील तक्त्यात बऱ्याचदा तसं असतं हे खरं. पण हाताने काढलेल्या तक्त्याचा संकेत त्या लिहिणाऱ्याचा स्वतःचा असतो, आणि तो त्याच कागदावरून ओळखावा लागतो. "इथली माहिती पक्की नाही" म्हणूनही लोक तुटक रेघ काढतात. जागा पुरली नाही म्हणून लांबच्या नावाला जोडायलाही काढतात.

मृण्मयी, तक्त्यात अजून कुठे तुटक रेघ आहे का? आणि "द." बद्दल: त्याच हाताची पक्की वाचता येणारी नावं घ्या, त्यातला द आणि ह कापून शेजारी ठेवा. गोविंदमधला द, रामचंद्रमधला, महादेवमधला. हरीमधला ह, महादेवमधला ह. एका माणसाचा द साधारण एकाच वळणाचा असतो. जुन्या हस्ताक्षरात घ आणि ध, भ आणि म, थ आणि य हेही असेच फसवतात, आणि ख तर सरळ "रव" दिसतो. तुमचा सखाराम "सरवाराम" दिसत असेल तर दचकू नका. फक्त यादीत दोन रकाने ठेवा, "जसं दिसतं तसं" आणि "मी वाचलं ते". पहिला रकाना नंतर सुधारायचा नाही.

मृण्मयी_स

भाऊ रविवारी जाऊन आला. नवे फोटो मिळाले, आणि खूपच फरक आहे.

तुटक रेघ अजून एक आहे, खाली डाव्या कोपऱ्यात. तिथे आधी पेन्सिलने तुटक काढून त्यावर अर्धवट शाई फिरवल्यासारखं दिसतं. आधीच्या फोटोत ती पेन्सिल दिसतच नव्हती! केशवची तुटक रेघ मात्र पूर्ण शाईची आहे, पेन्सिल कुठेच नाही.

अक्षर "द"च वाटतंय. महादेवमधल्या "द"शी जुळतं, शेपूट तसंच डावीकडे वळलंय. ह ची शेपटी हा माणूस दोनदा वळवतो.

घडीवर निराशा. दोन्ही बाजूंच्या उजेडात बघितलं. कागद तिथे विरलाच आहे. गोविंदकडून येणारी रेघ घडीच्या अगदी काठापर्यंत आहे, हरीकडून येणारी काठाच्या थोडी आधी संपल्यासारखी वाटते. पण तिथे एक डागही आहे.

अजून एक गंमत. त्याच पेटीत एक हिशेबाची वही होती, आत पहिल्या पानावर "रामचंद्र गोविंद" आणि खाली "सन १९३१". आडनाव नाही. मग झालं ना? रामचंद्र गोविंदचाच.

चिंतोपंत

झालंच. मधलं नाव म्हणजे बापाचं नाव. याहून मोठा पुरावा काय हवा?

शाईदौत

घाई नको. तुमच्या तक्त्यात रामचंद्र नावाचे किती जण आहेत?

मृण्मयी_स

अं... दोन. हा एक, आणि पाचव्या पिढीतले माझे चुलत आजोबा. म्हणजे क्रम असा: रामचंद्र, त्याचा मुलगा गोविंद, आणि त्याचा मुलगा रामचंद्र. ओह. म्हणजे आजोबाही "रामचंद्र गोविंद"च!

शाईदौत

हो. नावं एक पिढी सोडून परत येतात तिथे "रामचंद्र गोविंद" हे दोन जागी बसतं. म्हणून आधी सालं लावून बघू. या सगळ्यांपुढे तक्त्यात काय आकडे आहेत ते जसेच्या तसे द्या.

मृण्मयी_स

कृष्णा (गोविंदचा मुलगा, हा नक्की): १८१७–१८७३
रामचंद्र (घडीवरचा): १८२१
सखाराम (हरीचा, नक्की): १८२२
गोविंद धाकटा: १८४८
रामचंद्र धाकटे (आजोबा): १८७५

एकेकटे आकडे जन्माचे की मृत्यूचे ते लिहिलेलं नाही. ज. किंवा मृ. असं काहीच नाही.

शाईदौत

छान, हे खालून वर सोडवता येतं. आजोबा हयात आहेत, म्हणजे १८७५ हे जन्मसालच. धाकट्या गोविंदला शके १८७५ मध्ये मूल झालं, तेव्हा १८४८ हे त्याचं मृत्यूसाल असू शकत नाही. म्हणजे तेही जन्म. आणि त्याचा जन्म १८४८ चा असेल तर त्याचे वडील १८२१ मध्ये वारलेले असणं शक्य नाही. म्हणून घडीवरच्या रामचंद्रचं १८२१ हेही जन्मसाल. एका हयात माणसापासून सुरुवात करून एकेक आकडा पक्का होत वर गेला. पण हे फक्त या एका ओळीपुरतं. सखारामचं १८२२ जन्म की मृत्यू हे यातून ठरत नाही, त्याची वेगळी साखळी लावावी लागेल.

आता वही. आजोबा इसवी सन १९५३-५४ च्या सुमाराचे, म्हणजे १९३१ ची वही त्यांची नाही. थोरला रामचंद्र १८९९-१९०० चा, १९३१ ला एकतीस-बत्तीस वर्षांचा. जुळतं.

पंत, इथे ७८ बद्दल. शके वर्ष चैत्रात सुरू होतं, जानेवारीत नाही. चैत्र ते डिसेंबरअखेर ७८ मिळवायचे, पण जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. महिना माहीत नसेल तर शके १८२१ म्हणजे "१८९९-१९००" असंच लिहायचं. एकच साल लिहिलं की नसलेली अचूकता येते, आणि पुढे जन्मदाखला १९०० चा निघाला की लोक म्हणतात हा वेगळा माणूस.

चिंतोपंत

७९ चं मान्य, फाल्गुनाचा विचार मी केला नव्हता. पण मग तर रामचंद्र हरीचा असणं अशक्यच. सखाराम हरीचा, १८२२ चा. १८२१ आणि १८२२ ला सख्खी भावंडं? एका वर्षात दोन मुलं होत नाहीत.

स्वरदा

पंतकाका, होतात हो. माझ्यात आणि धाकट्या भावात तेरा महिन्यांचं अंतर आहे.

शाईदौत

आणि लागोपाठच्या दोन शके सालांत प्रत्यक्ष अंतर काही दिवसांपासून जवळजवळ दोन वर्षांपर्यंत काहीही असू शकतं. एक चैत्रातला आणि दुसरा पुढच्या सालच्या फाल्गुनातला असेल तर तेवीस महिने. शिवाय आई वेगवेगळ्या असतील तर प्रश्नच उरत नाही, आणि १८२२ जन्मसाल आहे हे अजून कुठे ठरलंय? तेव्हा हा मुद्दा गोविंदच्या बाजूला थोडा झुकतो एवढंच. "अशक्य" नको.

त्याहून मोठी शंका वेगळीच आहे, आणि ती या घरातच दिसते. केशव हरीच्या पोटचा आणि विठ्ठलला दत्तक गेलेला असेल तर तो सही काय करेल? "केशव विठ्ठल". म्हणजे मधलं नाव "कोणाचा म्हणवला गेला" ते सांगतं, "कोणाला झाला" ते नाही. रामचंद्रही हरीला होऊन गोविंदकडे गेलेला असू शकतो. मग घडीत दोन्ही बाजूंनी येणाऱ्या रेघांचा अर्थही वेगळा लागेल. मला तसं वाटत नाही, कारण तक्ता लिहिणाऱ्याने केशवसाठी मुद्दाम तुटक रेघ आणि "द." वापरलाय, रामचंद्रपाशी तसं काही उरलेलं दिसत नाही. पण नेमकी तीच जागा विरली आहे.

म्हणून ओळ अशी लिहा की तिच्यात वहीएवढंच बळ असेल, जास्त नाही.

रेघोट्या

बरेच दिवस वाचतोय, एक तांत्रिक भर. मी हे असं ठेवतो:

```
क्र,कोण,कोणाचे,नाते,खात्री,आधार
R05,P06,P02,मूल/दत्तक?,बहुधा,वही १९३१; रेघ घडीत
R06,P06,P03,मूल,शक्य,रेघ घडीत
R07,P08,P03,मूल,नक्की,अखंड रेघ
R08,P08,P04,दत्तक,बहुधा,तुटक शाई; द. वाचन
```

R05 आणि R06 एकमेकांना पर्याय आहेत हे कळावं म्हणून मी अजून एक रकाना ठेवतो, "प्रश्न", आणि दोघांपुढे एकच क्रमांक टाकतो. R07 आणि R08 पर्याय नाहीत, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. हा फरक यादीत दिसला पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांनी स्वतःलाच कळत नाही की दोन बाप म्हणजे शंका आहे की दत्तक.

पुढे वंशावळीच्या प्रोग्राममध्ये न्यायचं असेल तर जेडकॉम फाईल लागते. केशव तिथे सहज बसतो, कारण एका माणसाला दोन कुटुंबं देऊन प्रत्येकाचा प्रकार लिहिता येतो:

```
0 @P08@ INDI
1 NAME केशव
1 FAMC @F03@
2 PEDI birth
1 FAMC @F04@
2 PEDI adopted
```

मृण्मयी_स

हे भारी आहे. आणि रामचंद्रची "बहुधा / शक्य" तिथे कशी जाते? QUAY नावाचं काहीतरी वाचलं, शून्य ते तीन गुण देतात म्हणे. R05 ला २ आणि R06 ला १ देऊ?

रेघोट्या

मी तसंच देतो.

शाईदौत

@रेघोट्या, QUAY नात्याला चिकटत नाही, पुराव्याच्या उल्लेखाला चिकटतो. "हा पुरावा किती विश्वासाचा" एवढंच तो सांगतो. मृण्मयीची वही स्वतः अस्सल, विश्वासाचीच आहे. शंका आहे ती वही या रामचंद्रची का, आणि मधल्या नावावरून रक्ताचं नातं धरायचं का, यात. ते गुणांत मावत नाही.

नात्यावर शंका नोंदवायला FAMC खाली STAT आहे, challenged, disproven, proven अशा किमतींचा. पण प्रत्येक प्रोग्राम तो वाचतोच असं नाही, आणि न वाचणारा कधीकधी गुपचूप टाकूनही देतो. एकदा आत घेऊन परत बाहेर काढून बघा, शिल्लक राहतोय का. मी स्वतः बहुधावालं एकच नातं प्रोग्रामात घालतो, टिपणात पूर्ण वाक्य लिहितो, आणि नात्यांचं पान हीच मूळ प्रत मानतो.

रेघोट्या

मग झाडाच्या चित्रात तो शंभर टक्के गोविंदचाच दिसणार. चित्र बघणारा टिपण उघडत नाही. त्यापेक्षा मी दोन्ही कुटुंबांत घालेन.

शाईदौत

मग तो दत्तक गेल्यासारखा दिसेल. दोन्हीत खोट आहे, कुठली चालवून घ्यायची ते ज्याने त्याने ठरवावं.

अवलिया७

माझ्या फ्रेममध्ये काका दोनदा आलेत, ते का हे आत्ता कळलं. आता आईला काय सांगू.

मृण्मयी_स

😄

यमुनेचं राहिलं. नव्या फोटोत शाई निळी दिसते, बाकी तक्ता काळ्या-तपकिरी शाईचा. अक्षरही वेगळं, म वर डोक्याची रेघ नाही. सखारामची बायको म्हणून टाकू का? त्याच्या जास्त जवळ आहे.

शाईदौत

जवळ असणं हे नातं नाही, तिथे जागा मोकळी होती एवढंच त्यातून कळतं. बायको, बहीण, मुलगी, सून, काहीही. माणसांच्या पानावर तिला P क्रमांक द्या, "दुसरा हात, निळी शाई, P07 आणि P08 च्या मध्ये, रेघ नाही" असं लिहा, आणि नात्यांच्या पानावर एकही ओळ करू नका. हा तक्ता फक्त मुलग्यांचा दिसतोय, तेव्हा कुणीतरी नंतर तिला आठवणीने लिहिलं असेल. कोणाला तरी ती माहीत होती.

त्याच कारणाने अजून एक. ज्यांच्याखाली रेघ नाही त्यांच्यापुढे "अपत्य नाही" लिहू नका. "तक्त्यात पुढे नोंद नाही" लिहा. कुठे "नि." असेल तर ते निसंतान असावं, पण मुलग्यांच्या तक्त्यात त्याचा अर्थ "मुलगा नाही" इतकाच असू शकतो.

मृण्मयी_स

"नि." दोन ठिकाणी आहे! त्यातला एक कृष्णा. आणि कृष्णाला दोन मुली होत्या हे घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे या तक्त्यातल्या "नि."चा अर्थ कळला.

शाईदौत

एका उदाहरणापुरता तरी कळला. दुसरा "नि." कोणाचा?

मृण्मयी_स

विठ्ठलचा. आणि केशवची तुटक रेघ त्याच्याकडूनच येते.

चिंतोपंत

आता तरी दत्तक म्हणा!

शाईदौत

आता R08 चं "आधार" भक्कम झालं, हे मान्य. मुलगा नाही, द., आणि शाईची मुद्दाम काढलेली तुटक रेघ. पण तिन्ही खुणा एकाच कागदावरच्या, एकाच माणसाच्या. केशवची स्वतःची सही कुठे मिळाली तर "नक्की" करेन.

पंत, तुम्ही आताच "नक्की" लिहिलंत तरी मी भांडणार नाही, फक्त "कशावरून" हा रकाना भरा.

मृण्मयी_स

मी "बहुधा"च ठेवते. वहीची बाकीची पानं भावाने अजून उघडलेली नाहीत, पानं चिकटली आहेत. आजोबांना यमुना कोण असं विचारलं तर म्हणाले, "ती होय, हरीकडची." हरीची मुलगी की सून ते विचारायच्या आत फोन दुसऱ्याकडे गेला. ही ओळ कशी लिहू?

शाईदौत

कोण: यमुना. कोणाचे: P03. नाते: "अज्ञात, हरीच्या कुटुंबातली". खात्री: शक्य. आधार: आजोबांचं तोंडी सांगणं, तारीख घालून, त्यांच्याच शब्दांत. पुढच्या वेळी विचाराल तेव्हा मुलगी का सून असे पर्याय देऊ नका, समोरचा माणूस त्यातला एक उचलतो. तिच्याबद्दल काय आठवतं एवढंच विचारा.

स्वरदा

मृण्मयी, कळलं की इथे सांग. आणि शाईदौत, माझ्या पाच मुलांपैकी दोघांचा प्रश्न सुटला. पहिली पत्नी त्यांच्या आधीच वारली होती. उरलेल्यांपैकी एकाचं साल "१८३" एवढंच दिसतं, शेवटचा आकडा उंदराने नेला. ते साल कसं लिहायचं?

रेघोट्या

१८३०-१८३९, आणि जसं दिसतं त्या रकान्यात "१८३_".